गणिताचा शिक्षक पाहिजे, पण नेमक्या कोणत्या कामासाठी?

आज सकाळी एका शाळेची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली. शाळा छोटी, खाजगी, विनाअनुदानित. संस्थाचालक ओळखीचे आहेत म्हणून नाव लिहीत नाही. मजकूर असा: "गणित शिक्षक पाहिजे, पाचवी ते दहावी. बीएस्सी बीएड. अस्खलित इंग्रजी संभाषण. आकर्षक व्यक्तिमत्त्व. वय तीसच्या आत. टीईटी असल्यास प्राधान्य. पगार योग्यतेनुसार. मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटा."

संपली जाहिरात. आठवड्याला तासिका किती, वर्गात मुलं किती, गणिताशिवाय आणखी काय गळ्यात पडणार, पगाराचा आकडा काय, यातलं एक अक्षर नाही. व्यक्तिमत्त्व मात्र आकर्षक हवं. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले.

माझी सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर अशाच एका छोट्या शाळेच्या मुलाखतींना मी विषयतज्ज्ञ म्हणून बसते. तिथल्या एका मुलाखतीबद्दल मी जवळच्यांना अनेकदा सांगितलंय, आज सगळ्यांसाठी लिहिते. शेवटी दोनच उमेदवार उरले होते. एक सर, एमएस्सी, पहिला वर्ग, इंग्रजी फर्डं, कपडे कडक इस्त्रीचे. दुसरी पंचविशीतली मुलगी, बीएस्सीला जेमतेम पंचावन्न टक्के, इंग्रजी बोलताना अडखळणारी. समितीचा कौल सरांना होता. कागद बघितले तर माझाही तोच झाला असता. पण मी एका मुलाची वही सोबत नेली होती. त्या वहीवर येतेच, आधी हिशोब करू.

सहा वर्ग, प्रत्येकी एक तुकडी. गणिताच्या सात तासिका धरा. झाल्या बेचाळीस. आठवड्याच्या एकूण तासिका साधारण पंचेचाळीस. म्हणजे या शिक्षकाला मोकळ्या मिळणार तीन, आणि त्यातही कुणी रजेवर गेलं की बदली तास. आता घटक चाचणी घ्या. वर्गात तीस मुलं म्हटली तर 180 पेपर. गणिताचा पेपर नीट तपासायचा, म्हणजे उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते बघायचं, तर एका पेपरला सहा मिनिटं तरी लागतात. 180 पेपरांना अठरा तास झाले. मोकळ्या तीन तासिकांत पावणेदोन तास बसतात. उरलेले सोळा तास कुठून आणायचे? घरून, रात्री जागून. नाहीतर शिक्षक फक्त शेवटचं उत्तर बघून बरोबर-चूक करतो, आणि मग पोरगं कुठे अडलंय हे वर्षभर कुणालाच कळत नाही. हा हिशोब जाहिरात काढणाऱ्यांपैकी एकाने तरी केला असता तर "पाचवी ते दहावी" असं लिहिताना हात थांबला असता.

आणि पाचवीत आणखी एक गोम आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने पाचवी प्राथमिकमध्ये येते. बीएड झालेला माणूस पहिली ते पाचवीसाठी चालत नाही, तिथे डीएलएड लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलंय. सहावी ते आठवीला पदवी आणि डीएलएड किंवा बीएड, शिवाय टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला बीएस्सी बीएड, तिथे टीईटीची अट नाही. म्हणजे ही जाहिरात एका खुर्चीवर तीन वेगळ्या पात्रतांची माणसं बसवायला निघालीय! आणि "टीईटी असल्यास प्राधान्य" म्हणजे काय? सहावी ते आठवीला ती अट आहे, शाळा खाजगी असली तरी. ती पाळायची असते. शाळेने अट लपवली की उद्या तपासणीत नोकरी शिक्षकाची जाते, संस्थेचं काय बिघडतं?

टीईटी पास म्हणजे उत्तम शिक्षक नव्हे, हे मान्य. दुसऱ्या पेपरात 150 पैकी गणित आणि विज्ञान मिळून 60 गुण, बाकी मानसशास्त्र आणि भाषा. गणितात डळमळीत असलेला माणूसही त्यातून पार होतो. म्हणूनच तर मी वही नेते.

ती वही सहावीतल्या मुलाची होती. नाव झाकून एक पान झेरॉक्स केलं होतं. चार वजाबाक्या:

402 − 187 = 385
613 − 258 = 445
700 − 346 = 446
865 − 432 = 433

शेवटची बरोबर, वरच्या तिन्ही चूक. मी दोघांनाही एकच विचारलं, हा मुलगा काय करतोय आणि उद्या तुम्ही त्याच्याशी काय बोलाल?

सरांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "केअरलेस मिस्टेक्स आहेत. सराव कमी पडतोय. वीस गणितं घालीन." मग फळ्यावर 402 − 187 सोडवून दाखवलं, स्वच्छ, सुरेख अक्षरात. समितीतले दोघे माना डोलवत होते.

मुलगी बराच वेळ गप्प होती. चारही गणितांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "हा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन काढतोय. शेवटचं गणित बरोबर आलं, कारण तिथे वरचे सगळे अंक मोठेच आहेत." मी विचारलं, मग काय कराल? म्हणाली, "आधी त्यालाच विचारीन, कसं केलंस सांग. मग 385 मध्ये 187 मिळवायला लावीन. 572 येतील. 402 का आले नाहीत हे त्यालाच शोधू देईन. नंतर शंभराच्या आणि दहाच्या नोटा देऊन शतक सुटं करायला लावीन, कारण 402 मध्ये दशकाच्या घरात शून्य आहे, तिथे तो पुन्हा अडकणार."

माझ्यासाठी मुलाखत तिथेच संपली होती. वीस गणितं घातली असती तर त्या पोराने वीस वेळा तीच चूक पक्की केली असती. तो निष्काळजी नव्हताच. त्याचा एक नियम होता आणि तो तो इमानेइतबारे पाळत होता. नियम चुकीचा आहे हे ओळखणं, हेच सहावी-सातवीच्या गणित शिक्षकाचं मुख्य काम. ते कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, सांगा मला.

विषय पक्का नसला तरी चालेल असं मी म्हणत नाहीये. नववी-दहावी शिकवणाऱ्याला बोर्डाच्या दोन्ही पेपरांतली, बीजगणित आणि भूमितीतली, गणितं गाईड न बघता सुटलीच पाहिजेत. मी दोघांनाही चार गणितं कोऱ्या कागदावर दिली होती. सरांची चारही आली. मुलीची तीन, आणि चौथ्याला तिने लिहिलं होतं, "इथपर्यंत येतंय, पुढची पायरी सुचत नाही." मला ते चाललं. अडलेलं अडलंय म्हणून लिहिणारा माणूस वर्गात पोरांना थापा मारत नाही.

इंग्रजीबद्दलही बोलते, कारण हल्ली अर्धे गुण तिथेच जातात. सेमी इंग्रजीच्या वर्गाला इंग्रजीतल्या संज्ञा यायलाच हव्यात, ठीक आहे. त्यासाठी दहा मिनिटांचा पाठ इंग्रजीत घ्यायला लावा. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" विचारून काय कळतं? पाठ करून आलेलं भाषण कळतं.

आणि आता ज्या गोष्टीने माझा अजून संताप होतो ती. वहीवर इतकं नेमकं बोलून झाल्यावर समितीतल्या एका गृहस्थांनी त्या मुलीला विचारलं, "लग्नाचं काय? ठरलंय का?" सरांना कुणी विचारलं नाही. तिने खाली बघून "अजून नाही" म्हटलं. मी तिथल्या तिथे बोलले, हा प्रश्न कागदावर नाही आणि याला गुणही नाहीत. थोडं वाजलं. वाजू दे. मुलाखतीत प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुण प्रत्येकाने आपापल्या कागदावर आधी लिहायचे, चर्चा नंतर. त्या दिवशी एवढी शिस्त होती म्हणूनच ती मुलगी निवडली गेली. चर्चा आधी झाली असती तर इस्त्रीचा शर्ट जिंकला असता.

तिला घेतलं. आणि डिसेंबरात ती सोडून गेली.

का गेली? कारण कामाचं वर्णन कुठे लिहिलेलंच नव्हतं. तोंडी सांगितलं होतं, गणित आणि थोडंफार इतर. ते थोडंफार म्हणजे सकाळी बसबरोबर जाणं, ऑनलाइन माहिती भरणं, फी थकलेल्या पालकांना फोन आणि गॅदरिंगचा नाच. अकरा महिन्यांची ऑर्डर, सुट्टीतल्या मे महिन्याचा पगार नाही, मूळ प्रमाणपत्रं शाळेच्या कपाटात. शेजारच्या गावातल्या क्लासवाल्याने जवळपास दुप्पट देऊ केले. ती जाताना मला भेटायला आली होती. रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "बाई, त्या मुलाची वजाबाकी सुटली होती. आता अपूर्णांकांचं धरलं होतं." मला काय बोलावं सुचेना. मूळ प्रमाणपत्रं मिळवायला तिला तीन हेलपाटे घालायला लागले. कुणाच्याही मूळ कागदावर शाळेचा काय अधिकार? बघायचे, प्रती घ्यायच्या, त्याच दिवशी परत द्यायचे.

छोट्या शाळांना पैशाची ओढाताण असते, शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांची सरकारी प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मग तोच आकडा जाहिरातीत लिहा ना. बारा हजार देणार असाल तर बारा हजार लिहा. ज्याला परवडेल तो येईल, आणि आला तर निदान डिसेंबरात जाणार नाही. "योग्यतेनुसार" लिहिलं की पन्नास अर्ज येतात, पगार ऐकून पंचेचाळीस जातात, आणि उरलेल्या पाचांतून आपण "निवड" करतो.

एका माणसावर सहा वर्ग टाकू नका. पाचवी तिथल्या प्राथमिकच्या शिक्षकाकडे ठेवा. नववी-दहावीच्या चौदा तासिका निवृत्त शिक्षकाला तासिका तत्त्वावर द्या, तालुक्याला असे लोक असतात. मग नव्या शिक्षकाकडे सहावी ते आठवीच्या एकवीस तासिका उरतात. विज्ञानाचा एखादा वर्ग जोडलात तरी वह्या बघायला वेळ राहतो. मग जाहिरात आपोआप सरळ होते: सहावी ते आठवी गणित, तासिका इतक्या, मुलं इतकी, टीईटी आवश्यक, पगार इतका बारा महिने, बसची जबाबदारी नाही. व्यक्तिमत्त्वाचं काही लिहायची गरज पडत नाही.

माझ्या यादीत शाळा समित्यांवर बसणारे बरेच जण आहेत. मुलांच्या चुकांची पानं माझ्याकडे भरपूर आहेत, वजाबाकी, दशांश, अपूर्णांक, ऋण संख्या, सगळी नावं झाकलेली. मुलाखत ठरली की मला कळवा, पानं देते. फक्त आदल्या रात्री मागू नका, आणि आधी वेळापत्रकाचा कागद पाठवा, म्हणजे कोणत्या वर्गाचं पान द्यायचं ते ठरवता येईल.