एका रात्रीत दीड किलो चरबी? त्या काट्याच्या फॉरवर्डला उत्तर

"रोज सकाळी उपाशीपोटी वजन करा. कालच्यापेक्षा जितकं वाढलं तितकी चरबी अंगात साठली. लगेच उपाय करा : त्या दिवशी मीठ पूर्ण बंद, संध्याकाळी ५ नंतर पाणी बंद, झोपताना २ चमचे एरंडेल. दुसऱ्या दिवशी काटा खाली म्हणजे चरबी जळाली. १५ दिवसांत ५ किलो गॅरंटी. काटा कधी खोटं बोलत नाही. पुढे पाठवा."

बऱ्याच ग्रुपवर हे फिरताना बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. मग आमच्या सोलापूरच्या आत्याचा फोन आला की अगं दोन दिवस उठताना डोळ्यांपुढे अंधारी येतेय, उन्हाचं असेल. विचारत विचारत गेले तेव्हा कळलं की कुणाच्या तरी बारशाला जेवून आल्यावर काटा वर गेलेला दिसला म्हणून बाईंनी हा सगळा उपाय केलाय, मीठ बंद, पाणी बंद, वर एरंडेल. ऐन मे महिन्यात, साठी उलटलेली बाई, प्रेशरची गोळी चालू. आता गप्प बसणं शक्यच नाही.

आधी त्या उपायाबद्दल, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे पण हे धोक्याचं आहे. प्रेशरच्या अनेक गोळ्यांमध्ये लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध असतं, बऱ्याच वेळा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत, त्यामुळे घेणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणजे एका बाजूने गोळी पाणी काढतेय, दुसऱ्या बाजूने उन्हात घाम चाललाय, त्यात पाणी प्यायचं नाही, मीठ खायचं नाही आणि एरंडेलाने जुलाब करून आणखी पाणी आणि पोटॅशियम घालवायचं. अशा गोळ्यांवर असलेल्या वयस्क बायकांच्या रक्तातलं सोडियम खाली जाणं हा डॉक्टरांना नेहमी दिसणारा प्रकार आहे. सुरुवात चक्कर, मळमळ, गळून जाणं अशी होते, आणि फारच खाली गेलं तर माणूस बरळायला लागतो, फिट येते. आत्याला आधी पाणी प्यायला लावलं, मग त्याच दिवशी तिच्या डॉक्टरकडे पाठवलं. (गोळी मनाने बंद करू नकोस हेही सांगावं लागलं, कारण तिचा पुढचा विचार तोच होता.)

आणि एवढं करून जळतं काय? चरबी नाहीच. एरंडेलाने बाहेर पडतं ते आतड्यातलं पाणी आणि न पचलेला गाळ. अंगात साठलेली चरबी संडासवाटे जात नाही, ती मुख्यतः श्वासावाटे जाते. ऐकायला विचित्र वाटतं पण २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी याचा अणूंपर्यंत हिशोब मांडला होता. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे निघते आणि १.६ किलोचं पाणी होतं. या यादीत एरंडेलाला जागाच नाही.

आता "जितकं वाढलं तितकी चरबी". एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आत्याला मी नंतर रोजचं वजन वहीत लिहायला सांगितलं, काहीही उपाय न करता, आणि नेमकं मध्ये शनिवारी एक लग्न आलं. शनिवारी सकाळी ६७.८, रविवारी सकाळी ६९.३. दीड किलो! ही चरबी असेल तर दिवसभरात तिचं शरीर जे खर्च करतं त्याच्या वर साडेअकरा हजार कॅलरी पोटात जायला हव्यात. एक जिलबी दीडशे कॅलरीची धरली तर ७७ जिलब्या, त्याही रोजचं जेवण सोडून. तिने खाल्ल्या चार.

मग दीड किलो आला कुठून? तीन ठिकाणांहून, आणि यातलं मीठ सगळ्यात मजेशीर आहे. दवाखान्यातली साधी सलाईनची बाटली आठवा, तिच्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्तातल्या पाण्याला साधारण तितकाच खारेपणा चालतो. म्हणून जास्तीचं मीठ आत आलं की शरीर तहान लावतं, लघवी कमी करतं आणि तो खारेपणा जुळेल इतकं पाणी धरून ठेवतं. ९ ग्रॅमला एक लिटर, तर लग्नातल्या मठ्ठा, भजी, मसालेभात, लोणचं, पापड यांतून रोजच्यापेक्षा ४ ग्रॅम मीठ जास्त गेलं असेल तर साधारण साडेचारशे ग्रॅम पाणी. मग मूत्रपिंडं ते मीठ एकदोन दिवसांत हळूहळू बाहेर टाकतात आणि पाणी त्याच्याबरोबर जातं. कुणी एरंडेल घेवो न घेवो.

दुसरं म्हणजे भात आणि गोडाचं. त्यातली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि ते कोरडं साठत नाही, एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी घेऊन बसतं. सव्वाशे ग्रॅम जास्तीचं ग्लायकोजेन साठलं तर काट्यावर अर्धा किलो. कुठलंही डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे धडाधड उतरतं आणि लोक फोटो टाकतात, त्यातलाही मोठा भाग हाच असतो, फक्त उलट्या दिशेने. तिसरं अगदीच साधं, रात्री दहाला जेवलेलं अन्न सकाळी सहाला पोटातच असतं. जेवण तोंडातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक ते तीन दिवस जातात, त्यामुळे नेहमीपेक्षा चारपाचशे ग्रॅम जास्त माल वाटेत असणं यात काहीच विशेष नाही. झाले ना दीड किलो? यात खरी चरबी किती, तर तिने त्या दिवशी ९०० कॅलरी जास्त खाल्ल्या असं धरलं तरी जेमतेम १२० ग्रॅम.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी विनेश फोगाट आठवावी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ ला सकाळी ती ५० किलोच्या आत होती, त्याच दिवशी तीन कुस्त्या जिंकली, मध्ये अंगात ताकद यावी म्हणून खाणंपिणं झालं आणि वजन दोन किलोंहून जास्त वर गेलं. रात्रभर घाम काढून, केस कापूनसुद्धा ७ तारखेला १०० ग्रॅम जास्त भरलं. तेव्हा अख्ख्या देशात कुणी म्हणालं का की तिच्या अंगावर एका दिवसात दोन किलो चरबी चढली?

काटा खोटं बोलत नाही हे अर्धं खरं आहे, मान्य. तो तुमचं त्या क्षणाचं एकूण वजन सांगतो, त्यात हाडं, पाणी, काल रात्रीची भाकरी सगळं आलं. शिवाय सकाळी उपाशीपोटी वजन करा हा सल्ला बरोबर आहे. मीठ कमी करा हेही एरवी बरोबरच, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं-पापडातलंही आलं. पण ते रोज आणि प्रेशरसाठी, काटा दिसला की एक दिवस शून्य असं नाही.

अजून एक. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला डॉक्टर स्वतःच रोज वजन करायला सांगतात आणि तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर लगेच कळवायला सांगतात. तिथे ही उडी खरंच गंभीर असते, पण ती गंभीर आहे कारण ते पाणी आहे. पायावर अंगठा दाबल्यावर खळगा पडून राहत असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर घरी काटा बघत बसू नका.

बरं मग वजन बघायचं कसं? आत्याच्या वहीतले आकडे देते, तिला विचारूनच. लग्नाचा आठवडा सोमवारपासून : ६८.४, ६८.०, ६८.३, ६७.९, ६८.१, ६७.८ आणि रविवारी ६९.३. पुढचा आठवडा : ६९.०, ६८.५, ६७.९, ६७.७, ६८.०, ६७.५, ६७.६. पहिल्याची सरासरी ६८.२६, दुसऱ्याची ६८.०३. म्हणजे लग्न धरूनसुद्धा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास खालीच. आणि बघा, दीड किलोची ती उडी बुधवारपर्यंत आपोआप उतरली. रविवारी तिने फॉरवर्डवाला उपाय केला असता तर सगळं श्रेय एरंडेलाला गेलं असतं.

काही जण म्हणतात मग रोज कशाला, आठवड्यातून एकदाच बघा. त्यातही गोची आहे. वर फक्त सोमवार ते सोमवार बघितलं तर ६८.४ वरून ६९.० दिसतं, म्हणजे ६०० ग्रॅम वाढ, जेव्हा खरी दिशा उतरती आहे. एकच आकडा नेमका लग्नानंतरचा निघाला की आठवडा फुकट. त्यामुळे रोज करा किंवा निदान आठवड्यातून चारपाच वेळा, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेच कपडे, काटा सतरंजीवर नाही तर फरशीवर आणि रोज त्याच जागी. आकडा लिहायचा आणि विसरायचा. रविवारी सरासरी काढायची आणि ती मागच्या सरासरीशी ताडायची. एका आठवड्याचा दोनशे ग्रॅमचा फरक एवढ्यातेवढ्यानेही होतो, म्हणून तीनचार सरासऱ्या एकाच दिशेने जाताना दिसल्याशिवाय जेवणात काही बदलू नका. आत्याची तिसरी ६७.८ आली तेव्हा मी जरा विश्वास ठेवला.

ज्यांना पाळी येते त्यांच्या अंगात पाळी सुरू होण्याच्या आसपास पाणी धरलं जातं, काहींना किलो-दीड किलो, म्हणून त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी नाही तर मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी. नवीन व्यायाम सुरू केल्यावरही दुखरे स्नायू काही दिवस पाणी धरतात, जिम लावली आणि वजन वाढलं ही तक्रार बहुतेक तिथूनच येते.

राहता राहिली ती गॅरंटी. १५ दिवसांत ५ किलो चरबी म्हणजे ३८,५०० कॅलरी, रोजच्या साधारण २५६७ कमी. आत्याचं शरीर दिवसाला अंदाजे १७०० खर्च करतं. म्हणजे बाई पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर राहिली तरी हिशोब २५,५०० पर्यंतच पोचतो, सव्वातीन किलोच्या थोडा वर. उरलेले पावणेदोन किलो कुठून आणायचे ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने सांगावं, आणि त्याने तर पाणीही बंद केलंय.