शहरं दाट आहेत हे मलाही दिसतं : अविनाश यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रिपब्लिकनांनी मतदारसंघांच्या रेषा स्वतःच्या फायद्यासाठी कशा आखल्या, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर अविनाश लिहितात : "लेख एकांगी वाटला. डेमोक्रॅट मतदार शहरांत दाटीवाटीने राहतात, त्यामुळे नकाशा कोणीही काढला तरी त्यांच्या जागा कमीच येणार. मेरीलँडमध्ये डेमोक्रॅटांनी काय केलं ते सोयीस्करपणे गाळलंत. हरलेल्यांचं रडगाणं अमेरिकेत बसून मराठीत गायचं आणि वर आकड्यांचा आव आणायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत. जरा वाचन वाढवा."

अविनाशराव, सल्ल्याबद्दल आभार. वाचन वाढवायला माझी कधीच ना नसते. पण ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसाला पहिल्याच भेटीत "आव आणतोस" म्हणायची पद्धत आमच्याकडे नव्हती. तुमच्याकडे असेल तर असो. मुद्दा चुकला असं म्हणा, मी मान खाली घालून ऐकेन. माणूस खोटा आहे असं म्हणालात की मग मलाही थोडं बोलावं लागतं.

आधी मेरीलँड, कारण तिथे तुमचं म्हणणं रास्त आहे. २०११ साली तिथल्या डेमोक्रॅटांनी सहाव्या मतदारसंघाच्या रेषा अशा फिरवल्या की वीस वर्षं निवडून येणारे रिपब्लिकन रॉस्को बार्टलेट पुढच्याच वर्षी पडले. हा उद्योग डेमोक्रॅटही करतात, इलिनॉयमध्ये आजही करतात. लेख नॉर्थ कॅरोलायनावर होता म्हणून मेरीलँड त्यात आलं नाही, पण एक ओळ टाकता आली असती. टाकली असं समजा. एकाने चोरी केली म्हणून दुसऱ्याची चोरी हिशेबातून वजा होत नाही, एवढंच.

आता तुमचं शहरांबद्दलचं वाक्य. ते तुम्ही असं टाकलंय की जणू हा विचार आजवर कोणाला सुचलाच नव्हता. २०१३ मध्ये जोवे चेन आणि जोनाथन रॉडन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी नेमकं हेच फ्लोरिडाच्या आकडेवारीवरून दाखवलं होतं : एका पक्षाचे मतदार शहरांत एकवटलेले असले, तर कोणाचा काही डाव नसतानाही त्या पक्षाला जागांमध्ये फटका बसतो. शहरातला उमेदवार ऐंशी टक्के मतं घेऊन जिंकतो, पण जिंकायला निम्म्याच्या वर एक मत पुरतं, आणि वरची सगळी मतं जागेच्या हिशेबात फुकट जातात. इथपर्यंत तुम्ही, मी आणि ते दोघे एकाच पानावर आहोत.

पुढचं पान मात्र तुम्ही उलटलेलं दिसत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या २०१६च्या नकाशावर खटला चालला तेव्हा तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले तेच जोवे चेन, आणि तेही नकाशाच्या विरोधात. त्यांनी संगणकाकडून त्या राज्याचे ३,००० नकाशे काढून घेतले. अटी साध्या होत्या : प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या सारखी, प्रदेश सलग, आकार आटोपशीर, काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, शक्यतो न फोडता. कोणता मतदार कोणत्या पक्षाचा हे संगणकाला सांगितलंच नव्हतं. मग प्रत्येक नकाशावर लोकांनी प्रत्यक्ष दिलेली मतं मांडली आणि जागा मोजल्या.

इथे क्षणभर थांबा, कारण तुमच्या आक्षेपाचा निकाल इथेच लागतो. त्या ३,००० नकाशांतही डेमोक्रॅट मतदार शार्लट, राले, डरम या शहरांतच राहत होते. त्यांना कोणी उचलून खेड्यात नेऊन ठेवलं नव्हतं. शहरांच्या दाटीमुळे होणारं सगळं नुकसान त्या नकाशांत आधीच धरलेलं होतं. ते धरूनही ३,०००पैकी प्रत्येक नकाशात डेमोक्रॅटांना खऱ्या नकाशापेक्षा निदान एक जागा जास्त मिळत होती, आणि ७७ टक्के नकाशांत तीन किंवा चार जागा जास्त. दाटीचा परिणाम किती आणि आखणाऱ्याच्या हाताचा परिणाम किती, हे वेगळं करायची रीत ती हीच. सगळा दोष दाटीचा असता, तर खरा नकाशा त्या ३,०००च्या गर्दीत कुठेतरी मध्ये सापडला असता. तो पार टोकाच्याही बाहेर होता.

आणि हात कोणाचा हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. आधीच्या नकाशातले दोन मतदारसंघ वर्णाच्या आधारावर आखले म्हणून न्यायालयाने २०१६च्या फेब्रुवारीत रद्द केले. नवा नकाशा करताना राज्याच्या विधिमंडळाच्या समितीने निकषांची यादी लेखी मंजूर केली, आणि त्यात 'पक्षीय लाभ' हा निकष उघड घातला. समितीचे एक रिपब्लिकन अध्यक्ष डेव्हिड लुईस यांनी भर बैठकीत सांगितलं की रिपब्लिकनांना १० आणि डेमोक्रॅटांना ३ जागा मिळाव्यात असा नकाशा करू या, कारण ११-२ करणं शक्य होईल असं आपल्याला वाटत नाही. वर्णावरून हरलो होतो, आता पक्षावरून करतोय असं कागदावर आणलं की वर्णाचा आरोप चिकटत नाही, हा त्यामागचा कायदेशीर हिशेब.

११-२ का शक्य नव्हतं? तर डेमोक्रॅटांना कुठेतरी ठेवावंच लागतं. म्हणून तीन मतदारसंघांत त्यांना कोंबलं. तिथे त्यांचे उमेदवार सुमारे दोन-तृतीयांश मतं घेऊन जिंकले. उरलेल्या मतदारांना बाकीच्या दहा मतदारसंघांत पातळ करून टाकलं, इतकं की ते कुठेच पुरे पडू नयेत. यात जोखीमही असते. फार पातळ पसरलं आणि वारं फिरलं, तर स्वतःच्याच जागा पडतात. २०१८ला ते वारं आलं, देशभरात डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहात चाळीसेक जागा कमावल्या. नॉर्थ कॅरोलायनात दोन्ही पक्षांची मतं जवळपास निम्मी-निम्मी होती आणि डेमोक्रॅटांच्या जागा तीनच राहिल्या. आखणी करणाऱ्याने जोखीम नीट मोजली होती.

आता "अमेरिकेत बसून" या टोमण्याबद्दल. हो, बसलोय. नेमकं सांगायचं तर ग्रीन्सबरोमध्ये, याच राज्यात, याच गावात. इथे नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ आहे, त्या प्रकारच्या सार्वजनिक विद्यापीठांत देशात सगळ्यात मोठं. २०१६च्या नकाशाची रेषा त्या विद्यापीठाच्या आवारातून, लॉरेल स्ट्रीटवरून गेली. रस्त्याच्या एका अंगाची वसतिगृहं सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या अंगाची तेराव्यात. मी २०१८ला मतदान केंद्रावर मदतनीस होतो. एकाच वर्गातल्या दोन मुली बरोबर आल्या आणि दोघींच्या हातात वेगवेगळ्या उमेदवारांच्या मतपत्रिका पडल्या. एकीला वाटलं माझी चुकीची दिलीय. तिचा पत्ता पुन्हा तपासला, चूक नव्हती. दोघींचं मत एकाच पक्षाला गेलं असेल की नाही हे मला ठाऊक नाही, पण दोन्ही मतदारसंघांत रिपब्लिकनच जिंकले. दाटीवाटीने राहणाऱ्यांची मतं आपसूक वाया जातात म्हणता ना? इथे दाटीवाटीने राहणाऱ्यांच्या मधोमध रेघ ओढली होती. तुमच्या सिद्धांताप्रमाणे ग्रीन्सबरोसारखं शहर एका मतदारसंघात आपसूक गोळा व्हायला हवं होतं.

पुढे ते झालंही, रेषा बदलल्यावर. २०१९ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की पक्षीय आखणी संघीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाही. मग राज्याच्या न्यायालयांनी लक्ष घातलं. २०२२ची निवडणूक न्यायालयाने ठरवलेल्या नकाशावर झाली. तोवर जागा १४ झाल्या होत्या, निकाल लागला ७-७. त्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निवडून जाणाऱ्या न्यायाधीशांच्या दोन जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. नव्या बहुमताने २०२३च्या एप्रिलमध्ये पक्षीय आखणी रोखणारा आधीचा निवाडा फिरवला, ऑक्टोबरमध्ये विधिमंडळाने नवा नकाशा आणला (इथे गव्हर्नरला आखणीवर नकाराधिकार नाही), आणि २०२४ला निकाल लागला १०-४. ग्रीन्सबरोची गिलफर्ड काउंटी तीन मतदारसंघांत वाटली गेली, त्यातला एक पश्चिमेला थेट अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांपर्यंत जातो. आमच्या डेमोक्रॅट खासदार कॅथी मॅनिंग पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत, आणि आमच्या सहाव्या मतदारसंघात मतपत्रिकेवर डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता.

दोन वर्षांत तीन जागा फिरल्या. या दोन वर्षांत शार्लट विरळ झालं का? डरमचे लोक खेड्यात राहायला गेले का? याच राज्याने २०२४च्या त्याच मतदानात ट्रम्पना सुमारे ५१ टक्के मतं दिली आणि गव्हर्नरपदी डेमोक्रॅट जोश स्टाइन यांना दणदणीत निवडून दिलं. लोक होते तिथेच होते आणि होते तसेच होते.

'हरलेल्यांचं रडगाणं' याला उत्तर देणार नव्हतो, पण देतो. हरणं काय असतं ते मी घरात पाहिलंय. माझे काका गावच्या नगरपालिकेत निवडून येत. एका वर्षी प्रभागरचनेचा प्रारूप नकाशा नगरपालिकेच्या फलकावर लागला आणि त्यांचा मोहल्ला रस्त्याच्या मधून कापून पलीकडच्या प्रभागाला जोडलेला निघाला. हरकती-सूचनांची मुदत होती, काकांनी हरकत दिली, सुनावणीला सही घेतली आणि पुढच्याचं नाव पुकारलं. ते पडले. ज्यांनी आधी मत दिलं होतं त्यांनी पुन्हा दिलंच, पण आता ती मतं दोन ठिकाणी मोजली गेली. हा काही पुरावा नाही, लगेच तसं लिहून पाठवाल म्हणून आधीच सांगतो. नकाशाकडे नीट पाहायची सवय मला कुठून लागली, तेवढं सांगितलं. आणि हो, काका कधी रडले नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेतलं बाकी काही उत्तर देण्याजोगं मला सापडलं नाही.

फक्त शहरांच्या मुद्द्यावर अजून ठाम असाल तर एवढं समजावून सांगा. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये विधिमंडळाने नकाशा पुन्हा काढला, या वेळी रोख पहिल्या मतदारसंघावर, जिथे २०२४ला डेमोक्रॅट डॉन डेव्हिस थोडक्यात निवडून आले होते. उद्देश १०-४चं ११-३ करणं. मधल्या काळात या राज्यात प्रतिनिधिगृहासाठी मतदान झालेलं नव्हतं. आणि पहिला मतदारसंघ म्हणजे ईशान्येचा शेतीचा, छोट्या गावांचा भाग. तिथे दाटीवाटीचं शहर कुठलं, ते मला दाखवा.