वर्गणी सारखी नको, झेपेल तेवढी हवी

आई-बाबांचं लग्न मे २००० मधलं, चिपळूणला. पंचविशीसाठी आम्ही तिघा भावंडांनी फेब्रुवारीतच व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप काढला. पैशांचा विषय निघाला तसं ताईने लिहिलं, "प्रत्येकी पाच हजार." मी "चालेल" लिहिलं. धाकट्याने मेसेज वाचला आणि दोन दिवस गप्प राहिला. तो कॉलेजात आहे, पाच हजार कुठून आणणार? आणि हे ग्रुपवर कबूल कसं करणार?

मी त्याला वेगळा फोन केला. म्हणाला, "हजार रुपये आहेत माझ्याकडे, पण सांगायला लाज वाटते." तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. ग्रुपवर फक्त एकूण खर्च ठरवावा. कोण किती देणार हे थोरल्याने एकेकाला फोन करून विचारावं, आणि तो आकडा ग्रुपवर येऊ नये. आमचा खर्च बारा हजार ठरला. धाकट्याचे हजार. उरलेले अकरा पगाराच्या प्रमाणात: ताईला चाळीस हजार मिळतात, मला पंधरा, म्हणून तिचे आठ आणि माझे तीन. ताईने एका शब्दाने कुरकुर केली नाही. (या पोस्टमध्ये आकडे दिलेत ते दोघांना विचारूनच.)

भेटवस्तूची कल्पना मात्र धाकट्याचीच: लग्नाचं जुनं शूटिंग डिजिटल करून घ्यायचं. गोदरेजच्या कपाटात आईच्या साड्यांखाली लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट होत्या. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसत होते. कोकणातल्या दमट हवेत धरलेली बुरशी ती. अशी कॅसेट उत्सुकतेपोटी कुणाच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका. बुरशी हेडला चिकटते, टेप अडकून तुटू शकते. पहिल्या दुकानदाराने "गेली ही, टाकून द्या" म्हणून परत केली. दुसऱ्याने खोलून टेप साफ केली आणि मगच चालवली. दोन्ही कॅसेट मिळून साडेतीन हजार झाले. टेप खऱ्या वेळेतच उतरवावी लागते, तीन तासांची असेल तर तीन तास. त्यात साफसफाई आणि दुकानातली रांग, म्हणून महिनाभर आधी द्या आणि मूळ कॅसेट परत मागून घ्या.

बाकीचे साडेआठ हजार जेवणावर गेले. कॅसेटमध्ये दिसणारी जी माणसं आज आहेत आणि येऊ शकतात, त्यांनाच बोलावलं. पंचवीस पानं झाली.

टीव्हीवर मंगलाष्टकं सुरू झाली आणि मध्येच आजोबांचा आवाज आला, "अक्षता जपून टाका रे, डोळ्यात जातील." आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. बाबा उठून टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "परत लाव."

धाकट्याने तेवढाच तुकडा चारदा लावला.