लिम्फोसाइट्स 42, नातेवाईक त्याहून जास्त

रक्ततपासणीचा अहवाल शनिवारी रात्री पाठवायचा आणि डॉक्टरांचा दवाखाना सोमवारपर्यंत बंद ठेवायचा, ही व्यवस्था ज्याने लावली त्याला मध्यमवर्गीय कुटुंबाची उत्तम जाण असली पाहिजे. माझा अहवाल फोटोच्या रूपाने आला. प्रयोगशाळेतील मुलाने कागद टेबलावर ठेवून मोबाइलने टिपला होता, आणि टिपताना उजवीकडचे दोन रकाने, म्हणजे एकके आणि संदर्भमर्यादा, चौकटीबाहेर राहिले होते. उरली तपासण्यांची नावे, नुसते आकडे आणि त्यांतील तिघांपुढे ठळक अक्षरांत उमटलेले ‘एल’, ‘एच’, ‘एच’. सौभाग्यवतींनी तो फोटो तत्परतेने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला.

पहिला धक्का लंडनच्या आत्तेबहिणीने दिला. माझी उपाशीपोटीची साखर 98 पाहून तिने मला तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला. तिच्याकडे साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. आपल्या आकड्याला 18 ने भागले की तिचा आकडा मिळतो, म्हणजे माझे 98 तिच्या हिशेबाने साधारण 5.4 होतात आणि दोन्ही देशांत मी तितकाच ठणठणीत ठरतो. हे तिला समजावेपर्यंत मेहुण्यांनी प्लेटलेट्सचा 2.1 हा आकडा पकडला होता. गेल्या वर्षीच्या माझ्या अहवालात तो 210 होता, त्यामुळे माझ्या प्लेटलेट्स शंभरपटीने घटल्याचे त्यांनी जाहीर केले. वस्तुतः यंदाची प्रयोगशाळा घन मिलिमीटरमागे लाखांत मोजत होती आणि गेल्या वर्षीची मायक्रोलिटरमागे हजारांत. घन मिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे एकच माप असल्यामुळे 2.1 लाख आणि 210 हजार यांत काडीचाही फरक नाही. एककाचा रकाना कापलेला अहवाल हा अहवालच नव्हे, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

मी हट्टाने पूर्ण कागदाचा फोटो मागवला आणि संदर्भमर्यादा दृष्टीस पडल्या. या मर्यादा कोठून येतात हे एकदा कळले की ठळक अक्षरांचा दरारा बराच ओसरतो. निरोगी वाटणारी माणसे, शास्त्राच्या शिफारशीप्रमाणे किमान 120, गोळा करायची, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधली 95 टक्के माणसे ज्या पट्ट्यात बसतात त्या पट्ट्याला संदर्भमर्यादा म्हणायचे. प्रत्यक्षात अनेक प्रयोगशाळा एवढा खटाटोप न करता यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतील किंवा पाठ्यपुस्तकातील पट्टा उचलतात. कसेही असले तरी शंभरातील पाच धडधाकट माणसे, अडीच वरच्या टोकाची आणि अडीच खालच्या टोकाची, या व्याख्येनेच पट्ट्याबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एखाद्या निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एका ठिकाणी ठळक अक्षर उमटण्याची शक्यता 64 टक्के निघते. सणासुदीच्या सवलतीत साठ-सत्तर तपासण्यांचे पॅकेज घेणाऱ्याने दोन-तीन ठळक अक्षरे त्या किमतीतच मिळतात असे धरून चालावे. ते अक्षर कोणी डॉक्टर लिहीत नाही. आकडा रेषेच्या आत आहे की बाहेर, एवढेच संगणक पाहतो. रेषा किती ओलांडली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

माझा ‘एल’ होता एमसीएचपुढे. एमसीएच म्हणजे एका तांबड्या पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते, आणि त्याचा पट्टा होता 27 ते 32 पिकोग्रॅम. हा आकडा यंत्र थेट मोजत नाही; हिमोग्लोबिनला तांबड्या पेशींच्या संख्येने भागून दहाने गुणते. माझे हिमोग्लोबिन 13.4 आणि तांबड्या पेशी 5.05 दशलक्ष, म्हणून एमसीएच 26.5 आले. हिमोग्लोबिन 13.7 भरले असते तर तेच 27.1 होऊन अक्षर उमटलेच नसते, आणि एवढा फरक तर रक्त देण्यापूर्वी मी आडवा होतो की उभा, यानेही पडू शकतो. मावशींनी मात्र तोवर बीट, खजूर आणि गूळ यांची यादी पाठवली होती.

पहिला ‘एच’ लिम्फोसाइट्सचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचा होता: 42 टक्के, पट्टा 20 ते 40. यावर गटात रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली आणि एका चुलत भावाने लिहिता येणार नाही असे निदानही केले. टक्केवारी हा वाट्याचा हिशेब असतो. एकाचा वाटा कमी झाला की दुसऱ्याचा आपोआप वाढतो. खरी संख्या काढायची तर एकूण पांढऱ्या पेशी 6,400 गुणिले 42 टक्के, म्हणजे साधारण 2,690. आणि अहवालाच्या तळाशी, जिथपर्यंत नातेवाइकांचे बोट कधीच पोहोचत नाही, तिथे प्रत्यक्ष संख्येचा पट्टा 1,000 ते 3,000 असा छापलेला होता.

दुसरा ‘एच’ दिसायला तसाच, पण वेगळ्या कुळातला होता. एचबीएवनसी 5.8 टक्के. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या या तपासणीची 5.7 ही रेषा निरोगी लोकांची रांग लावून ठरवलेली नाही. तिथून पुढे मधुमेहाचा धोका वाढत जातो म्हणून ती तिथे ओढली आहे, 5.7 ते 6.4 हा मधुमेहपूर्व टप्पा आणि 6.5 पासून मधुमेह. अशा रेषेला 95 टक्क्यांचा न्याय लावून ‘चालायचेच’ म्हणता येत नाही. गटात याविषयी कोणीच काही बोलले नाही, कारण निम्म्या सभासदांचा आकडा माझ्याहून मोठा होता.

सोमवारी डॉक्टरांनी लिम्फोसाइट्सवर अर्धे मिनिटही घालवले नाही. त्यांनी जुने अहवाल मागितले. दोन वर्षांपूर्वी माझे हिमोग्लोबिन 14.9 होते आणि एमसीएच 29. आता दोन्ही खाली आले होते, त्यांतील हिमोग्लोबिन तर 13 ते 17 या पट्ट्याच्या आत राहून, कोणतेही अक्षर न मिळवता घसरले होते. माझी तुलना त्या अनोळखी 120 जणांशी करण्यापेक्षा माझ्याशीच केलेली बरी, असे म्हणत त्यांनी शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी लिहून दिली.

तो अहवाल आला तेव्हा आकडा 26 होता आणि पट्टा 22 ते 322. ठळक अक्षर नाही, त्यामुळे गटावर अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. डॉक्टरांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला. फेरिटिन 30 च्या खाली गेले की लोहाचा साठा संपत आला असे बहुतेक डॉक्टर मानतात, मग छापील पट्टा काहीही म्हणो. आणि लोह कमी असले की एचबीएवनसीही खोटेच थोडे वर दिसू शकते, म्हणून त्याचा निकाल त्यांनी लोह भरून निघेपर्यंत राखून ठेवला. पुरुषाचे लोह असे उगाच कमी होत नाही, असे म्हणून त्यांनी मूळव्याध आहे का, शौचाचा रंग काळा असतो का, अंगदुखीच्या गोळ्या किती घेतो, अशी चौकशी सुरू केली. या प्रश्नांची उत्तरे मी सौभाग्यवतींना बाहेर बसायला सांगून दिली.