ठिपके गळले म्हणजे रोग गेला, असे नाही

“माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके औषधाने दोन दिवसांत गळून पडतात. ठिपके दिसेनासे झाले की औषध बंद करा, उगाच पाण्यात रसायन कशाला? पुन्हा आलेच तर मात्रा दुप्पट करा.”

मासे पाळणाऱ्यांना मिळणाऱ्या या सल्ल्यातले पहिले विधानच चुकीचे आहे. हे ठिपके आणणारा इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेवर बसलेला नसतो. तो वरच्या थराखाली शिरून तिथेच पोसला जातो आणि आपल्याला दिसणारा रव्याच्या कणाएवढा ठिपका म्हणजे त्याच्यावर उंचावलेली त्वचा असते. पाण्यात घातलेले मिथिलीन ब्ल्यू किंवा मीठ तिथवर पोहोचून त्याला मारत नाही. या पोसणाऱ्या अवस्थेला ट्रोफाँट म्हणतात. पूर्ण वाढ झाली की तो आपणहून बाहेर पडतो, म्हणजे औषध घातले नसते तरी ते ठिपके गळलेच असते.

दुसरा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण औषध नेमके त्याच वेळी थांबते ज्या वेळी त्याची गरज असते. माशावरून सुटलेला जीव तळातल्या वाळूवर किंवा पानावर चिकटतो, स्वतःभोवती चिकट कवच करतो आणि आत विभागत राहतो. या अवस्थेतही, ज्याला टोमाँट म्हणतात, तो औषधाला फारशी दाद देत नाही. कवच फुटले की एकाचे शेकडो बारीक जीव, म्हणजे थेराँट, होऊन पोहू लागतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात, आणि औषधाने खात्रीने मरणारी अवस्था हीच.

26 अंश तापमानाची, साठ लिटरची, मॉली माशांची टाकी घेऊ. रविवारी पाच ठिपके दिसले, औषध घातले. मंगळवारी अंग स्वच्छ दिसले म्हणून औषध थांबवून पाणी बदलले. बुधवारच्या सुमारास वाळूतली कवचे फुटली, थेराँट माशांत शिरले, पण इतके बारीक की डोळ्यांना काहीच दिसले नाही. पुढच्या रविवारी अंगभर ठिपके! थेराँट कल्ल्यांत शिरले असतील तर अंगावर एकही ठिपका नसताना मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो; ही खूण मी ठिपक्यांपेक्षा गंभीर मानतो.

म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही या तापमानाला निदान आठवडाभर औषध चालू ठेवावे, रोज सायफनने तळ ओढून काढावा आणि बदललेल्या पाण्यापुरतीच मात्रा पुन्हा घालावी. मीठ वापरत असाल तर लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने या टाकीला 120 ग्रॅम लागेल, आणि पंधरा लिटर पाणी बदलल्यावर फक्त 30 ग्रॅम. गोल्डफिशच्या थंड टाकीत हे चक्र कित्येक पटींनी लांबते, तिथे एक आठवडा पुरणार नाही.

मात्रा दुप्पट करून तर काहीच साधत नाही. त्वचेखालचा ट्रोफाँट सुरक्षितच राहतो आणि ते रसायन आधीच जखमी झालेल्या कल्ल्यांना झेपत नाही.