बाबांनी बंद केली ती गोळी वेगळी होती

वाचकाची प्रतिक्रिया:
«बीपीच्या गोळीने खोकला येतो हा तुमचा लेख माझ्या वडिलांनी वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली. वय 67, अ‍ॅम्लोडिपिन 5, सहा वर्षांपासून चालू. नवव्या दिवशी बीपी 176/102. खोकला अडीच महिने होता तसाच आहे, रात्री आडवं झालं की जास्त. डॉक्टर मलाच बोलले, मुलगी असून लक्ष नाही म्हणून. साधी सर्दी छातीत उतरलीये, बाकी काही नाही. औषधाच्या दुकानात बसून लोकांना घाबरवू नका.»

ताई,

डॉक्टरांनी तुम्हाला जे सुनावलं ते माझ्या वाट्याचं होतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका, हे मी लिहिलं होतं, पण शेवटून दुसऱ्या ओळीत. मोबाइलवर तिथपर्यंत कोण जातंय? आता ते वाक्य लेखाच्या डोक्यावर नेऊन ठेवलंय. त्याखाली आणखी एक ओळ घातली आहे, जी आधीच असती तर तुमचे नऊ दिवस वाचले असते: अ‍ॅम्लोडिपिन ही ती गोळी नाही.

मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या गोळ्यांची नावं 'प्रिल'वर संपतात. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. दुकानात आम्ही 'कंटेंट बघा' म्हणतो, ते याचसाठी. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, त्यावरून काही कळत नाही. खाली बारीक इंग्रजीत औषधाचं खरं नाव असतं, त्याच्या शेवटी पी-आर-आय-एल ही चार अक्षरं आहेत का बघायचं. 'बीपीची गोळी' या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या घराण्यांतली औषधं येतात आणि हा खोकला त्यातल्या एकाच घराण्याचा. लेखात मी सरसकट 'बीपीची गोळी' म्हणत गेलो, ही माझी दुसरी चूक.

या खोकल्याची चाल कशी असते, ते आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकावरून सांगतो. निवृत्त शिक्षिका, वय 58. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना रामिप्रिल 5 सुरू झालं. डिसेंबरच्या मध्यावर खोकला लागला. डिसेंबरात निम्मं गाव खोकत असतं, त्यामुळे सर्दीच म्हणायचं, आणि मीही तेच म्हटलं. पहिली बाटली मीच दिली. मग दुसरी. मधे अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. फेब्रुवारीत त्या तिसरी बाटली मागायला आल्या, तेव्हा काउंटरवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत सहा-सात वेळा खोकल्या. कफाचा आवाज नाही, नुसता कोरडा ठसका. म्हणाल्या, "घशात केस अडकल्यासारखं वाटतं हो, आरती एका दमात म्हणता येत नाही." ताप नाही, नाक वाहत नाही, वजन आहे तेवढंच. बाटली ठेवायला ड्रॉवर उघडला आणि शेजारीच त्यांची महिन्याची रामिप्रिलची पाकिटं काढून ठेवलेली दिसली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दोन महिने दोन्ही औषधं एकाच हाताने देत होतो.

गोळी बंद करा असं मी त्यांना सांगितलं नाही. एका चिठ्ठीवर लिहून दिलं: 'रामिप्रिल नोव्हेंबरपासून, कोरडा खोकला डिसेंबरपासून, सिरपचा उपयोग नाही', आणि ही डॉक्टरांना दाखवा म्हटलं. डॉक्टरांनी आधी एक्स-रे आणि थुंकी तपासून घेतली. दोन्ही स्वच्छ. मग रामिप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन 40 दिलं. म्हणजे एक दिवसही त्या बीपीच्या गोळीशिवाय राहिल्या नाहीत. दहाव्या दिवशी बाई येऊन मला म्हणाल्या, "तुमचा अंदाज चुकला, काही फरक नाही." साधारण अडीच आठवड्यांनी सांगायला आल्या की काल रात्री सलग झोप लागली. पाचव्या आठवड्यात खोकला गेला.

तुमच्या नऊ दिवसांचं उत्तर यातच आहे. बाबांची गोळी 'प्रिल'वाली असती तरी नऊ दिवसांत काही ठरलं नसतं. गोळी बदलल्यावर हा खोकला बहुतेक वेळा एक ते चार आठवड्यांत ओसरतो, काहींना तीन महिनेही लागतात. सुरू होण्याचंही तसंच. कुणाला पहिल्या गोळीनंतर काही तासांत, कुणाला काही महिन्यांनी. म्हणून 'गोळी तर कधीपासून चालू आहे, मग खोकला आत्ताच कसा' या प्रश्नावर गोळीला लगेच निर्दोष सोडता येत नाही. डोस निम्मा करूनही भागत नाही, कारण हा खोकला डोसवर फारसा अवलंबून नसतो. ज्यांना येतो त्यांना 2.5 मध्येही येतो. बहुतेकांना येतच नाही. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त येतो.

असं का होतं त्यामागची गोष्ट मला फार आवडते, म्हणून थोडं विषयांतर. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. 1965 मध्ये सर्जिओ फरेरा या तिथल्या शास्त्रज्ञाने दाखवलं की या विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारा एक घटक आहे. ब्रॅडिकायनिन आपल्याच शरीरात तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल हे पहिलं 'प्रिल' तयार झालं आणि 1981 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. या गोळ्या शरीरातलं एक एन्झाइम अडवतात. ते एन्झाइम दोन कामं करतं: रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ बनवणं आणि ब्रॅडिकायनिनचा निचरा करणं. पहिलं काम थांबलं की बीपी उतरतं. दुसरं थांबलं की ब्रॅडिकायनिन श्वासनलिकेत साठतं आणि तिथल्या नसा चाळवतात. घशात केस अडकल्याची भावना ती हीच. कफ सिरप या साठवणीला हात लावत नाही, म्हणून त्या बाटल्या वाया गेल्या. टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे 'सार्टन' त्या एन्झाइमला छेडत नाहीत, पुढची पायरी अडवतात, म्हणून त्यांचा खोकला सहसा होत नाही.

'प्रिल' घेणाऱ्याचे ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र चिठ्ठी लिहीत बसायचं नाही, तडक दवाखान्यात जायचं. तोही याच साठवणीचा प्रकार असू शकतो, आणि श्वास अडकू शकतो.

आता तुमच्या बाबांचं. सर्दीचा खोकला बहुधा तीन आठवड्यांत आवरतो, चिवट असला तर आठपर्यंत रेंगाळतो. अडीच महिने म्हणजे दहा-अकरा आठवडे झाले, इतक्या लांब सर्दी ओढणं मला पटत नाही. आपल्याकडे दोन आठवड्यांपुढच्या खोकल्याला थुंकीची तपासणी हा सरकारी टीबी कार्यक्रमाचाच नियम आहे, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. ती आणि एक्स-रे झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर माझे बाकीचे अंदाज बाजूला ठेवून आधी ते करा.

ते स्वच्छ निघालं, तर 'रात्री आडवं झालं की जास्त' या तुमच्या शब्दांवर माझं बोट आहे. मला स्वतःला असा खोकला वर्षभर होता. दुकान रात्री दहाला बंद व्हायचं, साडेदहाला जेवण, अकराला अंथरूण. पाठ टेकली की ठसका. सकाळी आवाज घोगरा, दिवसभर खाकरणं. छातीत जळजळ एकदाही नाही, म्हणून अ‍ॅसिडिटीची शंका मला, औषधं विकणाऱ्याला, आली नाही. जठरातलं आम्ल वर येऊन अन्ननलिकेच्या खालच्या भागाला लागलं तरी तिथली नस श्वासनलिकेला खोकल्याचा इशारा देते, ते घशापर्यंत चढायलाच हवं असं नाही. जळजळ न होता नुसता खोकला, असं बऱ्याच जणांचं असतं.

सकाळी रिकाम्या पोटी पँटोप्राझोल 40 महिनाभर घेतलं, फारसा फरक नाही. ती गोळी आम्ल कमी करते, वर येणं थांबवत नाही, आणि ज्याला जळजळच नाही त्याचा खोकला नुसत्या त्या गोळीने सहसा जात नाही. मला फरक पडला तो डबा दुकानात मागवून आठला जेवायला लागल्यावर आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्यावर. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने मान वाकते आणि पोट दुमडतं. खोकला जायला मला दोन महिने लागले. पंधरा दिवसांत कंटाळून सोडलं असतं तर 'हे काही नाही' म्हणून मोकळा झालो असतो.

आणि इथे अ‍ॅम्लोडिपिन पुन्हा येतं, वेगळ्या दाराने. ही गोळी रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते. अन्ननलिकेच्या तळाशी जो स्नायूचा वळसा झडपेसारखा आवळून असतो, तोही काहींच्या बाबतीत तिच्यामुळे ढिला पडतो आणि आम्ल वर यायला वाट मिळते. सहा वर्षं काही न होता आत्ताच तसं झालं, हे मला कमी शक्यतेचं वाटतं. त्यामुळे गोळीवर आळ घेण्याआधी बाबा रात्री किती वाजता जेवतात आणि त्यानंतर किती वेळाने आडवे होतात ते बघा. तरी डॉक्टरांना हा प्रश्न विचारायला हरकत नाही. विचारताना गोळी चालू ठेवून विचारा.

176/102 बद्दल एक शंका. या अडीच महिन्यांत बाबा सर्दीच्या गोळ्या घेतायत का? नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आणि काही सिरपमध्ये फिनाइलएफ्रिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी वाढवू शकतं. बीपीची गोळी बंद आणि ही चालू, असं झालं असेल तर आकडा नुसत्या नऊ दिवसांचा नसेल. घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, सर्दीच्याही. बाबांना शुगर किंवा हृदयाचं काही असेल तर त्याही गोळ्या त्यात घाला. मूत्रपिंडासाठी किंवा हृदयासाठी दिलेल्या गोळीत, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या कॅप्सूलमध्येही, रामिप्रिल असू शकतं. घरात तिला कुणी बीपीची गोळी म्हणत नाही, त्यामुळे लेख वाचूनही तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसेल.