सगळं रेडी आहे, वहिनी!

‘सगळं रेडी आहे, वहिनी. चावी घ्या आणि उद्यापासून तळायला लागा!’ हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं ना, तर त्याच्याच हातात झारा देईन. म्हणेन, दाखव तळून.

घरी तीन शेगड्यांवर दिवसाला दोनशे-अडीचशे नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, होत होत्या, तोवर माझं बरं चाललं होतं. यंदा गणेश चवथीच्या दीड हजार नेवऱ्यांच्या ऑर्डरी आल्या. हॉलमध्ये पिठाची पोती, बेडवर खोबरं, सासूबाई देवघरात अडकलेल्या. म्हणून म्हापशाजवळ पावसाळ्यापुरतं बंद असलेल्या एका रेस्टॉरंटचं किचन भाड्याने घेतलं. पावसात गोव्यात अशी किचनं स्वस्त मिळतात. ती का स्वस्त मिळतात, ते आता मला पाठ झालंय.

पहिलं लायसन्स. घरमालक म्हणाला, ‘आमचं आहेच की, तेच चालवा.’ अहो, फूड लायसन्स ज्याच्या नावाचं त्याचं असतं आणि त्या जागेपुरतं असतं! त्याचं मला चालत नाही आणि माझं घरचं तिथे चालत नाही. जागा बदलली की नवा अर्ज, नवा चौदा आकडी नंबर. जागा वापरायचा हक्क दाखवायला भाडेकरार आणि मालकाची संमती लागते. आता मालक कोण? लाइटबिल त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, घरात तीन भाऊ वाटेकरी आणि त्यातला एक पोर्तुगालला. गोव्यात हे नवीन नाही म्हणा, पण करार करताना हे तोंडातून निघायला नको? भावाची संमती येईपर्यंत तीन आठवडे भाडं भरून कुलूप बघत बसले. वर घरचा पत्ता आणि जुना नंबर छापलेली हजारभर लेबलं रद्दीत. ती मीच हौसेने आगाऊ छापली होती, हा माझा गाढवपणा.

मग खरी गंमत सुरू झाली. गॅसची पाइप गंजलेली, म्हणून तिथले तीन इलेक्ट्रिक फ्रायर वापरायचे ठरले. एकेक तीन किलोवॅटचा. कनेक्शन सिंगल फेज, मेन स्विच ३२ अँपिअरचा. म्हणजे जेमतेम सात किलोवॅट ओढणार आणि तीन फ्रायरच नऊ मागतात! त्यात पीठ मळायचं मशीन दोनाचं, एक्झॉस्टचा पंखा पाऊण. पण हे लगेच कळत नाही, तीच तर लबाडी. आधी दोनच फ्रायर लावले, सगळं छान. म्हटलं, चला. मग तिसरा लावला, कणकेचं मशीन फिरवलं आणि पाच-सात मिनिटांत मेन पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला.

वीज गेली की नुसता अंधार होत नाही हो. तेल गार होतं, आणि आत पन्नास नेवऱ्या तरंगत असतात. मंद तेलात पारी पटकन बंद होत नाही, ती तेल पीत बसते. बाहेरून पांढुरकी, हातात जड, कागदावर ठेवली की तुपकट डाग पसरतो. अशी नेवरी तिसऱ्या दिवशी खवट लागते. आणि चवथीची नेवरी पाहुण्यांना आठवडाभर पुरायची असते! त्या दिवशी एकशेवीस नेवऱ्या टाकल्या. आतलं चारोळ्या-खसखशीचं सारण गेलं ते वेगळंच.

मालकाला फोन केला. तो म्हणतो, ‘आमच्या कुकला कधी असा त्रास झाला नाही.’ होणार कसा? तुमचा कुक एका फ्रायरमध्ये बांगडे तळत होता!

बांगड्यावरून आठवलं. एक्झॉस्टच्या हुडमध्ये वर्षानुवर्षांचं चिकट. खालून वाफ आली की ते पातळ होऊन तपकिरी थेंब टपटप. आणि वास? माशांचा. ‘वहिनी, गणपतीच्या नेवऱ्या ना, तिथे मासे शिजतात का हो?’ असं एका काकूंनी विचारलं तेव्हा मी त्या हुडच्या खाली उभी होते. जाळ्या काढून सोड्याच्या कढत पाण्यात रात्रभर भिजवल्या, तरी दोनदा घासाव्या लागल्या. भाड्यात हे धरलेलं नव्हतं.

थ्री फेजचा अर्ज मालकाने करायचा, कनेक्शन त्याचं. तो म्हणतो, सीझन सुरू झाल्यावर बघू. सीझनमध्ये मी तिथे असणार नाही, हे त्याला चांगलंच ठाऊक आहे!

तर आता मशीन बंद ठेवते, दोन फ्रायर चालवते आणि दीड हजार नेवऱ्यांची कणीक आम्ही तिघी जणी हाताने मळतो. हात दुखतात. घरी तरी सासूबाई मदत करायच्या.